पेशी, ऊती, इंद्रिय की संस्था? एक कांदा आणि एक लेग पीस घेऊन ओळखायची पद्धत

आठवी-नववीच्या पोरांच्या वह्या तपासताना दरवर्षी त्याच चुका बघतोय. ‘रक्त हे इंद्रिय आहे’, ‘जलवाहिनी हे इंद्रिय आहे’, ‘पाय ही संस्था आहे’, आणि कांद्याच्या पापुद्र्याची मस्त आकृती काढून खाली फक्त ‘पेशी’. व्याख्या विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील, पण हातात एखादी वस्तू दिली आणि ‘ही कुठल्या पायरीवर?’ म्हटलं की गाडी अडली.

यात थोडा दोष आपल्या मराठीचा पण आहे बरं का. घरात आपण हातापायांना अवयव म्हणतो, इंद्रियं म्हटलं की डोळे-कान-नाक आठवतात, आणि शास्त्रात मात्र हृदय, पान, मूळ हे सगळे इंद्रिय किंवा अवयव. त्यामुळे पोरगं नावावरून अंदाज बांधतं आणि तिथंच चुकतं.

दुसरा दोष शिकवण्याच्या क्रमाचा. पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावतात, मग दिसलेली पेशी कशातून आली हेच त्याला माहीत नसतं. माझ्या क्लासमध्ये मी उलटं करतो, हाताने वरून खाली उतरायचं, म्हणजे आधी अख्खी वस्तू, मग तिचे भाग, मग थर, मग पेशी, आणि वहीत लिहिताना खालून वर चढायचं. खाली तेच सांगतोय, एका कांद्यावर आणि कोंबडीच्या एका लेग पीसवर.

## तयारी : आदल्या दिवशी काय आणून ठेवायचं

कांद्याला सोलापुरात तोटा नाही. मध्यम आकाराचा, घट्ट, ताजा घ्या, मऊ पडलेला नको कारण त्याचा पापुद्रा फाटतो. शक्य असेल तर अजून एक कांदा चार-पाच दिवस आधी पाणी भरलेल्या ग्लासच्या तोंडावर ठेवा, फक्त बूड पाण्याला टेकेल असा, म्हणजे मुळं फुटलेली दाखवता येतात.

चिकनवाल्याला सांगून लेग पीस कातडीसकट घ्या आणि पंजा तोडू नका म्हणा. तो हसेल, हसू दे. एरवी तो दोन्ही काढूनच देतो आणि मग निम्मा धडा दुकानातच राहतो.

बाकी सामान असं : स्लाइड, कव्हरस्लिप, चिमटा, दोन टाचण्या, ड्रॉपर, छोटी कात्री, ग्लिसरीन, आणि दोन रंग. कांद्यासाठी मेडिकलमधलं टिंक्चर आयोडिन चालतं, एक थेंब आयोडिन तीन-चार थेंब पाण्यात. मांसासाठी मेथिलीन ब्लू लागतं, लॅबच्या सामानाच्या दुकानात नाही मिळालं तर फिश टँकच्या दुकानात विचारा, माशांच्या औषधासाठी ते ठेवतात. तेही पातळ करून थेंबभरच. मायक्रोस्कोप शाळेतला साधा चालेल. नुसत्या भिंगातून पेशी नीट दिसतील या भरवशावर मात्र राहू नका.

सावधान : कच्चं चिकन हाताळताना हातमोजे घाला, ताटली आणि कात्री वेगळी ठेवा, नंतर सगळं साबणाने धुवा. आणि एप्रिल-मे मध्ये करत असाल तर चिकन आयत्या वेळी आणा, आपल्याकडच्या उन्हात ते तासाभरात वास मारायला लागतं.

## टप्पा १ : कांदा उभा कापा, आडवा नाही

भाजीला कापतो तसा आडवा कापला की नुसत्या चकत्या दिसतात आणि सगळी रचना हरवते. शेंड्यापासून बुडापर्यंत मधोमध उभा चिरा. आता बूड बघा, तिथं पांढरी, कडक, बशीसारखी चकती आहे. ते कांद्याचं खोड. हो, एवढंसंच. त्या चकतीच्या खालून मुळं निघालेली आणि वरून जाड जाड पाकळ्या निघालेल्या. या पाकळ्या म्हणजे पानांचे मांसल तळ, ज्यात झाडाने अन्न साठवलंय. अगदी मध्यभागी बारीक कोंब दिसेल, ती कळी.

म्हणजे आपण जमिनीखालून काढतो म्हणून कांदा हे मूळ, असं लिहिणाऱ्यांचे मार्क इथंच जातात. कांदा हा आखडलेल्या खोडाचा आणि पानांचा गड्डा आहे, मुळं त्याच्या बुडाला वेगळी असतात.

आता एक पाकळी सोडवून घ्या आणि खिडकीपाशी उजेडासमोर धरा. शेंड्याकडून बुडाकडे जाणाऱ्या समांतर रेघा दिसतील, त्या शिरा, त्यांच्यात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या. रेघांच्या मधला रसरशीत भाग म्हणजे साठवण करणारी मूल ऊती. आणि पाकळीच्या दोन्ही अंगांना पातळ कातडं, ती अपित्वचा. बघा, मायक्रोस्कोप अजून खोक्यातच आहे आणि एका पाकळीत तीन वेगवेगळ्या प्रकारचं सामान सापडलं.

इथं तपासा : ‘या वस्तूत किती प्रकारच्या ऊती आहेत?’ पाकळीचं उत्तर ‘एकापेक्षा जास्त’ आलं, शिवाय तिला स्वतःचा आकार आहे आणि काम आहे, म्हणून पाकळी म्हणजेच पान हे इंद्रिय. हा एकच प्रश्न पोराच्या डोक्यात बसला तरी पुढचं निम्मं काम झालं.

## टप्पा २ : पापुद्रा काढा, हीच ती ऊती

पाकळीची आतली, खोलगट बाजू घ्या. बाहेरच्या फुगीर बाजूचा पापुद्रा नीट सुटत नाही आणि पोरं तिथंच अर्धा तास झटत बसतात. पाकळी खोलगट बाजूकडून बोटाने मोडा पण पूर्ण तोडू नका, मोडलेल्या कडेला पारदर्शक पडदा लोंबताना दिसेल, तो चिमट्याने धरून हळू ओढा. प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा सुटून येतो.

सुटल्या सुटल्या पाण्यात टाका. हवेत ठेवलात तर दोन मिनिटांत वाळतो आणि गुंडाळी होते. मग कात्रीने बोटाच्या नखाहून लहान तुकडा कापा, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात पसरा, घडी पडली असेल तर टाचणीने उलगडा. पातळ केलेल्या आयोडिनचा थेंब, मिनिट-दोन मिनिटं थांबा, जादाचा रंग कागदाच्या टोकाने टिपून घ्या, मग ग्लिसरीनचा थेंब. पाठ्यपुस्तकात ग्लिसरीनची पायरी असते आणि थंडीत ती वगळली तरी चालून जातं, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली वर्ग चालू असेल तर पाचव्या पोराचा नंबर येईपर्यंत स्लाइड सुकलेली असते. कव्हरस्लिप तिरकी धरून एक कड आधी टेकवा आणि टाचणीच्या आधाराने हळू आडवी करा. वरून धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकलेच.

आधी सगळ्यात कमी ताकदीचं ऑब्जेक्टिव्ह लावून फोकस करा, मग दहाचं. विटांच्या भिंतीसारखी रचना दिसेल, लांबट पेशी, एकमेकींना चिकटून, मध्ये फट नाही, आणि प्रत्येकीत पिवळसर-तपकिरी ठिपका, तो केंद्रक. केंद्रक बहुतेक कडेला सरकलेला दिसतो कारण मधली सगळी जागा रिक्तिकेने अडवलेली असते.

नेहमीची फसगत : काळ्या जाड कडेचा, अगदी गोल, आत चकचकीत असा गोळा दिसला तर तो केंद्रक नाही, हवेचा बुडबुडा आहे. माझ्या क्लासमधल्या एका पोराने असे सात बुडबुडे मोजून ‘एका पेशीत सात केंद्रकं’ लिहून दिलं होतं, आणि मी पण घाईत बरोबरची खूण करून बसलो होतो.

अजून एक. आयोडिन टाकलं म्हणून निळं-काळं व्हायची वाट बघू नका. तो रंग स्टार्चमुळे येतो आणि कांदा स्टार्च साठवत नाही, त्याच्यात विरघळलेल्या साखरा असतात.

आता मुद्द्याचा प्रश्न. डोळ्याला दिसतंय ते पेशी की ऊती? त्यातली एक वीट म्हणजे पेशी. आख्खा पापुद्रा, म्हणजे सारख्या पेशींचा एकाच कामासाठी, इथं झाकायच्या कामासाठी, जुळलेला थर, ही ऊती. म्हणून आकृतीच्या खाली ‘कांद्याच्या पापुद्र्यातील अपित्वचा ऊती’ लिहायचं आणि बाणाने एका विटेला ‘पेशी’ म्हणायचं. दोन्ही नावं, दोन वेगळ्या जागी.

पेशी केवढी, हे पोरं विचारतातच. त्याच ऑब्जेक्टिव्हखाली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवा आणि गोलाची रुंदी मोजा. आमच्या मायक्रोस्कोपवर ती साधारण १.८ मिलिमीटर येते. त्या रुंदीत टोकाला टोक लावून ६ पेशी बसल्या, म्हणजे एक पेशी ०.३ मिलिमीटर लांब. तुमच्याकडे आकडा थोडा वेगळा येईल, पण पोराने स्वतः मोजलेला असेल.

## टप्पा ३ : कांद्याची साखळी खालून वर लिहा

आत्ता कुठे वही उघडायची. अपित्वचेची पेशी, मग अपित्वचा ऊती, मग पाकळी म्हणजे पान हे इंद्रिय, मग खोड, पानं, कळी मिळून प्ररोह संस्था, आणि प्ररोह संस्था अधिक मूळ संस्था मिळून कांद्याचं अख्खं झाड. ग्लासवर मुळं फोडलेला कांदा शेजारी ठेवलात तर शेवटची पायरी बोटाने दाखवता येते.

सावधान : ‘ऊती संस्था’ आणि ‘इंद्रियसंस्था’ या दोन गोष्टी आहेत. वनस्पतींच्या पुस्तकात त्वचा ऊती संस्था, संवहनी ऊती संस्था असे शब्द येतात, आणि ‘संस्था’ शब्द दिसला की पोरं थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात. ऊती संस्था म्हणजे झाडभर पसरलेल्या त्या-त्या ऊतींचा गट, ती इंद्रियांची जुळणी नाही. वनस्पतीत इंद्रियसंस्था विचारल्या तर मूळ संस्था आणि प्ररोह संस्था, एवढंच लिहा. झाडाला पचनसंस्था आणि श्वसनसंस्था जोडणारे महाभाग पण मी बघितलेत.

## टप्पा ४ : लेग पीस थराथराने सोडवा

ज्यांच्या घरी चिकन चालत नाही त्यांनी हा टप्पा नुसता वाचला तरी चालेल, पण बघायला मिळालं तर सोडू नका.

आधी अख्ख्या तंगडीलाच प्रश्न विचारा, ही काय आहे? शंभरातली नव्वद पोरं ‘अवयव’ म्हणतात. बोलीत बरोबर, पेपरात घोटाळा. तंगडीत कातडी आहे, अनेक स्नायू आहेत, हाडं, रक्तवाहिन्या, चेता आहेत, आणि हे सगळे स्वतःच एकेक इंद्रिय आहेत. म्हणजे एका इंद्रियाहून जास्त झालं. पण ही पूर्ण संस्था पण नाही, कारण स्नायू संस्थेचा एक तुकडा, अस्थिसंस्थेचा एक तुकडा, रक्ताभिसरणाचा एक तुकडा असं ते गाठोडं आहे. तंगडी हा शरीराचा भाग, बस. चार पायऱ्यांच्या शिडीवर तिला जागाच नाही, आणि ‘जागा नाही’ हे पण उत्तर असू शकतं.

आता कातडी एका कडेला धरून ओढा. ती सुटताना खाली कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढुरका, चिकट पडदा ताणलेला दिसतो, ती संयोजी ऊती, हिच्यामुळेच कातडी खालच्या मांसाला धरून असते. कातडीच्या आतून पिवळसर गोळे चिकटलेत ती मेद ऊती. कातडीच्या बाहेरच्या अंगाला अभिस्तर ऊती. एकापेक्षा जास्त ऊती, म्हणून त्वचा हे इंद्रिय. पाकळीला लावला तोच प्रश्न, तेच उत्तर.

खाली गुलाबी मांस. हा एकच गोळा नाही, बोटाने हळू वेगळं करत गेलात तर चकचकीत आवरण असलेले लांबट गठ्ठे सुटे होतात. असा एक गठ्ठा म्हणजे एक स्नायू. त्याच्या खालच्या टोकाला मांस संपतं आणि पांढरी, गुळगुळीत, न ताणणारी दोरी सुरू होते, ती स्नायुरज्जू. पायाच्या मागच्या बाजूची दोरी सोडवून चिमट्यात पकडा आणि वर ओढा. पंज्याची बोटं मिटतात! पोरं दचकतात, एखादी किंचाळते, आणि ‘स्नायू ओढतो, हाड हलतं’ हे वाक्य पुन्हा पाठ करावं लागत नाही. पंजा का ठेवायला सांगितला ते कळलं ना.

पुढे सांध्यापाशी कापा. हाडाच्या टोकावर निळसर-पांढरी चकाकी दिसते, नखाने दाबलं तर किंचित दबते, ती कास्थी. हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा तो अस्थिबंध. हाड मोडलं की आत लालसर मज्जा. म्हणजे हाडात अस्थी ऊती, कास्थी, मज्जा, वरचं आवरण, रक्तवाहिन्या, इतकं सामान असल्यामुळे मांडीचं हाड हे इंद्रिय आहे आणि ‘अस्थी ऊती’ ही त्यातली एक ऊती. ‘हाड’ लिहिताना नेमकं काय म्हणायचंय ते ठरवून लिहा.

## टप्पा ५ : मांसाचा धागा म्हणजे पेशी नव्हे

चिकन शिजल्यावर जे धागे सुटतात त्यांना पोरं बिनधास्त ‘स्नायू पेशी’ म्हणतात. डोळ्याला दिसणारा तो धागा म्हणजे कित्येक पेशींची जुडी असते. खरी पेशी बघायची तर शिजवलेल्या, बिनमिठाच्या मांसाचा केसाएवढा तुकडा घ्या, पाण्याच्या थेंबात ठेवा, दोन टाचण्यांनी लांबीच्या दिशेने विंचरत राहा, जितका वेळ जास्त तितकं चांगलं, इथं घाई केली की मायक्रोस्कोपखाली नुसता निळा गोळा दिसतो. मेथिलीन ब्लूचा एक थेंब, दोन मिनिटं, पाण्याने धुऊन कव्हरस्लिप.

चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर जा आणि उजेड कमी करा. पूर्ण उजेडात काही दिसत नाही आणि मग रंगाला शिव्या पडतात. कडेला सुटा पडलेला एखादा तंतू शोधा, त्याच्यावर बारीक आडव्या पट्ट्या दिसतील, पट्टेरी लुगड्यासारख्या. तो एक तंतू म्हणजे एक पेशी. लांबच लांब, आणि तिच्यात केंद्रकं पुष्कळ असतात, म्हणून ‘एक केंद्रक म्हणजे एक पेशी’ हा नियम इथं चालत नाही.

साखळी : स्नायू पेशी, स्नायू ऊती, एक अख्खा स्नायू हे इंद्रिय, असे सगळे स्नायू मिळून स्नायू संस्था.

## टप्पा ६ : अडणारी नावं कशी सोडवायची

आता ज्या तीन-चार नावांवर हमखास मार्क जातात तिथं थांबतो, बाकीची सोपी आहेत.

रक्त. त्याच्यात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तपट्टिका, मग ‘इतके प्रकार आहेत म्हणजे इंद्रिय’ असं वाटतं. पण प्रश्न पेशींच्या प्रकाराचा नाहीच, ऊतींच्या प्रकाराचा आहे. रक्तात वेगवेगळ्या ऊती नाहीत, द्रवात तरंगणाऱ्या पेशींची ती एकच ऊती, द्रवरूप संयोजी ऊती.

जलवाहिनी आणि रक्तवाहिनी. दोन्हीच्या शेवटी वाहिनी, म्हणून दोन्ही एकाच रकान्यात टाकतात. धमनी चिरून बघितली तर आत अभिस्तराचं अस्तर, मध्ये स्नायूंचा थर, बाहेर संयोजी ऊती, म्हणून रक्तवाहिनी हे इंद्रिय. जलवाहिनीत चार प्रकारच्या पेशी असतात खऱ्या, त्यातल्या बऱ्याचशा मेलेल्या, पण त्या सगळ्या मिळून पाणी वाहून न्यायचं आणि आधार द्यायचं एकच काम करतात, म्हणून ती ऊती, फक्त ‘जटिल’ ऊती. ‘ऊतीत सगळ्या पेशी सारख्याच असतात’ ही पाठ केलेली व्याख्या इथं तोंडावर आपटते. ‘एकत्र येऊन एक ठराविक काम करणारा पेशींचा समूह’ असं लिहा, म्हणजे रक्त आणि जलवाहिनी दोन्ही बसतात.

स्वादुपिंड. पाचकरस करतं म्हणून पचनसंस्थेत, इन्सुलिन करतं म्हणून अंतःस्रावी संस्थेत. एका इंद्रियाची दोन संस्थांत हजेरी असू शकते, ‘योग्य पर्याय निवडा’ मध्ये दोन्ही पर्याय दिसले तर प्रश्नात कुठलं काम विचारलंय ते बघा.

आणि अमिबा. त्याला शिडीच चढायची नसते, एकच पेशी आणि तोच पूर्ण जीव.

## टप्पा ७ : पोराने स्वतः करून दाखवायचं

कांदा आणि चिकन आवरून ठेवा आणि नवीन वस्तू द्या. मी ज्वारीचं पान देतो, कारण आपल्या शिवारात ते फुकट मिळतं आणि पुस्तकात त्याची तयार आकृती नसते. पान खालच्या बाजूने वर करून तळहातावर पसरायचं, ब्लेडने हलकेच खरवडून उरलेला पातळ पारदर्शक थर स्लाइडवर घ्यायचा. पर्णरंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी इथं राजम्याच्या दाण्यासारख्या दिसत नाहीत, ज्वारी गवताच्या कुळातली असल्याने त्या व्यायामशाळेतल्या डंबेलसारख्या असतात, मध्ये बारीक आणि टोकांना फुगीर. ज्याने नुसती पुस्तकातली आकृती पाठ करून काढली तो इथं लगेच पकडला जातो.

मग वहीत फक्त चार ओळी मागा : रक्षक पेशी कुठल्या पायरीवर, तो सोललेला थर कुठल्या, पान कुठल्या, आणि पान कुठल्या संस्थेत. गेल्या आठवड्यात एका पोरीने चार ओळी लिहून खाली पाचवी लिहिली होती, ‘सर, कडब्याची पेंढी कशातच बसत नाही.’